पंच्याण्णवचे दहा

“मॅडम, मूळ कागदावर तर दहा लिहिलंय. तुम्ही पंच्याण्णव कुठून आणलेत?”

फोनवर शाळेतले लिपिक होते. आवाज सभ्य होता, पण संशय लपत नव्हता. रायगड जिल्ह्यातल्या एका गावची मराठी शाळा, सौदी अरेबियातून परत आलेलं कुटुंब, पाचवीत बसणारी मुलगी आणि तिचं चौथीचं अरबी गुणपत्रक. त्याचं मराठी भाषांतर मी करून दिलं होतं. लिपिकांनी ते मूळ कागदाशेजारी ठेवून ओळीनं ताडून पाहिलं आणि गणिताच्या ओळीत त्यांना पंच्याऐंशी गुणांचा घोळ सापडला. त्यांची काहीच चूक नव्हती. अरबीत नऊचा आकडा आपल्या १ सारखा दिसतो आणि पाच म्हणजे एक पोकळ वर्तुळ, अगदी आपलं शून्य. त्यामुळे मराठी डोळ्यांना अरबी ९५ हा स्वच्छ १० दिसतो. अरबीत शून्य असतं तो नुसता ठिपका.

गंमत अशी की अरबीत या आकड्यांना ‘हिंदी आकडे’ म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानातून आलेले. घराणं एकच, पण शेकडो वर्षं वेगळ्या घरांत वाढल्यामुळे किमती तेवढ्या त्याच राहिल्या आणि चेहरे बदलले. सातचा आकडा तिकडे वर तोंड उघडलेल्या चिमट्यासारखा असतो आणि आठ म्हणजे तोच चिमटा उलटा. चार पाहिला तर आपला ३ आरशात धरल्यासारखा. हे चक्क अनोळखी दिसतात, म्हणून माणूस थांबतो, विचारतो. नऊ आणि पाच ओळखीचे वाटतात, म्हणून कुणी विचारत नाही. या कामात पुढेही हेच होत राहिलं. जे परकं वाटलं त्यानं त्रास दिला नाही. घरचं वाटलं तेच अडखळवत गेलं.

त्या दिवसापासून मी प्रत्येक भाषांतराखाली दहा अरबी आकडे आणि त्यांच्यासमोर दहा मराठी आकडे अशी एक ओळ छापते. मात्र आकडे वाचण्याची खरी ताडणी कागदावरच असते. पुष्कळ अरबी गुणपत्रकांत प्रत्येक गुण दोनदा लिहिलेला असतो, एकदा अंकांत आणि एकदा अक्षरांत. हातानं लिहिलेल्या कागदावर हा अक्षरी रकाना फार मोलाचा, कारण हस्ताक्षरातला तीन बऱ्याचदा छापील दोनसारखा दिसतो आणि नुसत्या अंकावर विश्वासलं तर दहा गुण इकडचे तिकडे होतात. अक्षरांत ९५ म्हणजे ‘पाच आणि नव्वद’. मराठी माणसाला हे उलटं वाटायचं कारण नाही, आपला पंच्याण्णवसुद्धा आधी पाच आणि मग नव्वदच म्हणतो. शेवटी कधी कधी ‘फकत’ असतं, तेच आपलं ‘फक्त’. ते जागच्या जागी ठेवावं, चेकवर ‘अक्षरी रुपये अमुक फक्त’ लिहितात तसं. पुढे आणून ‘फक्त पंच्याण्णव’ केलंत, तर मुलीनं आणखी अभ्यास करायला हवा होता असं वाटायला लागतं.

माझ्याकडे कागद आला तेव्हा त्यावर पेन्सिलीनं आधीच एक भाषांतर झालेलं होतं. अर्धं मुलीच्या वडिलांचं, अर्धं चाचांचं. वडील तिकडे बारा वर्षं गाडी चालवत होते. त्यांची अरबी बाजारातली, बोलण्यापुरती आणि चोख. चाचा उर्दू शाळेत शिकलेले, लिपी झरझर वाचणारे. दोघांचं पहिलं भांडण गणितावरूनच झालं होतं.

अरबीत गणिताला म्हणतात ‘रियादियात’. वडिलांच्या कानाला हा शब्द खेळाचा. ‘रियादा’ म्हणजे खेळ, आणि टीव्हीवरच्या खेळाच्या वाहिन्यांच्या नावांत ‘रियादिया’ हा शब्द ते रोज ऐकत आलेले. त्यांनी ठामपणे ‘खेळ’ लिहिलं. चाचांनी ते खोडून ‘गणित’ केलं, कारण उर्दूत गणिताला ‘रियाजी’ म्हणतात. इथे चाचा बरोबर होते. दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे, सराव करून तयार होणं. आपल्याकडे गवय्ये करतात तो रियाजही त्याच मुळाचा. म्हणजे शरीराची तालीम झाली की खेळ आणि बुद्धीची झाली की गणित. इजिप्तसारख्या काही देशांच्या गुणपत्रकांत व्यायामाच्या विषयाचं नाव ‘तरबिया रियादिया’ असतं, म्हणजे एकाच कागदावर दोन जुळी नावं. तिथे पुढचा शब्द पाहायचा. ‘तरबिया’ म्हणजे शिक्षण हा शब्द आधी आला तर शारीरिक शिक्षण, एकटं ‘रियादियात’ असेल तर गणित. या मुलीच्या सौदी कागदावर व्यायामाच्या ओळीत ‘शारीरिक शिक्षण आणि स्वसंरक्षण’ अशा अर्थाचं लांबलचक नाव होतं. ते मी तसंच ठेवलं. नुसतं ‘शारीरिक शिक्षण’ लिहिलं असतं तर शाळेला सोपं गेलं असतं, पण नावातला अर्धा भाग खाण्याचा अधिकार मला नाही.

विषयांच्या यादीत मला सर्वांत जास्त वेळ लागला तो सर्वांत सोप्या शब्दाला. ‘लुगती’. लुगा म्हणजे भाषा, लुगती म्हणजे माझी भाषा. सौदी प्राथमिक शाळेत अरबी भाषेच्या विषयाचं आणि पुस्तकाचं हेच नाव आहे. चाचांनी ‘माझी भाषा’ लिहिलं होतं आणि शब्दशः ते बिनचूक होतं. पण हा कागद जाणार होता मराठी शाळेत. तिथला वाचक ‘माझी भाषा’ पाहून काय समजेल? प्रथम भाषा. म्हणजे मराठी, फार तर उर्दू. आणि त्या मुलीला मराठीत ८८ गुण आहेत अशी नोंद एकदा हजेरीपटाच्या दुनियेत शिरली की ती काढणं कठीण. प्रत्यक्षात ती घरी कोकणी बोलीत बोलते आणि मराठी अक्षरं तिनं दुकानांच्या पाट्यांवर पाहिली असतील तेवढीच. म्हणून मी ‘अरबी भाषा’ असं लिहून कंसात ‘विषयाचं मूळ नाव : माझी भाषा’ एवढं जोडलं. पुस्तकाचं नाव म्हणून ते सुंदर आहे, पण गुणपत्रकात त्याला कंसातच राहावं लागतं.

कुरआन आणि इस्लामी अभ्यास हे दोन विषय मात्र वडिलांनाच नको होते. “मराठी शाळेत याचं काय काम? काढून टाका ना,” ते म्हणाले. मी काढले नाहीत. कारण तत्त्वाचं नव्हतं, बेरजेचं होतं. खाली छापलेली एकूण बेरीज सगळे विषय धरून केलेली होती. दोन ओळी गाळल्या तर लिपिक पहिल्याच फेरीत बेरीज करून पाहणार आणि ती जुळणार नाही. मग पुढचं सगळंच संशयित. उलट बाजूनं, हे विषय आपल्या मूल्यशिक्षणात किंवा परिसर अभ्यासात बसवायचा मोहही आवरावा लागतो. ‘दिरासात इज्तिमाइया’ म्हणजे सामाजिक अभ्यास. आपल्या चौथीला परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात इतिहास येतो तो शिवरायांचा, त्यांच्याकडे त्यांचा. ओळीसमोर ‘सामाजिक अभ्यास’ लिहावं आणि थांबावं. जुळवणी करणं हे शाळेचं काम आहे.

तेच गुणांचं. “९५ म्हणजे अ-१ ना? तसंच लिहा,” अशीही एक सूचना आली होती. आपल्या शाळांत ९१ ते १०० ला अ-१ श्रेणी मिळते हे खरं, पण ती श्रेणी आकारिक आणि संकलित मूल्यमापन मिळून ठरते. अरबी कागदावरच्या पंच्याण्णवला ती लावली, तर तिकडच्या शिक्षिकेनं न दिलेली एक गोष्ट मी दिली असं होईल. गुण जसेच्या तसे, शंभरपैकी.

हे ‘शंभरपैकी’ शोधणंही सरळ नसतं. अरबी तक्ता उजवीकडून सुरू होतो. सर्वांत उजवीकडे विषयाचं नाव, मग डावीकडे सरकत पुढचे रकाने. मराठीत आणताना रकान्यांचा क्रम उलटवायचा, पण रकान्यातला आकडा उलटवायचा नाही, कारण अरबी लिपी उजवीकडून वाचली तरी आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात. विषयानंतरच्या दोन रकान्यांचे मथळे शब्दशः होतात ‘मोठा शेवट’ आणि ‘छोटा शेवट’. मूळ शब्द ‘निहाया कुब्रा’, काही देशांत ‘निहाया उज्मा’, आणि दुसऱ्यावर ‘निहाया सुग्रा’. चाचांनी बराच विचार करून पहिल्याखाली ‘वर्गातले सर्वांत जास्त गुण’ आणि दुसऱ्याखाली ‘सर्वांत कमी गुण’ असं लिहिलं. मग प्रत्येक विषयात वर्गातल्या कुणाला तरी शंभरपैकी शंभर आणि कुणाला तरी नेमके पन्नास पडलेले दिसले. ओळखायचं यावरूनच. जो रकाना वरपासून खालपर्यंत एकच आकडा सांगतो तो मुलांचा नसतो, नियमाचा असतो. पहिला रकाना म्हणजे विषयाचे कमाल गुण आणि दुसरा म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे किमान गुण.

तक्त्याच्या तळाशी दोन ओळी होत्या, ‘सुलूक’ आणि ‘मुवाजबा’. दोन्हींसमोर शंभर. सुलूक म्हणजे वर्तणूक. आपल्याकडे ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘चांगली’ या एकाच विशेषणात उरकली जाते, तिकडे तिला गुण असतात. मुवाजबाला मी पहिल्या खर्ड्यात ‘उपस्थिती’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच दचकले. आपल्या प्रगतीपत्रकात उपस्थिती दिवसांत मोजतात. ‘उपस्थिती १००’ याचा अर्थ ती शंभर दिवस शाळेत आली. मुवाजबाचे शंभर हे दिवस नाहीत. विनाकारण गैरहजर राहिलं की त्यातून गुण कापले जातात, म्हणजे ही शिस्तीची शिल्लक आहे. शेवटी ‘नियमितपणा : १०० पैकी १००’ असं केलं.

शेऱ्यांची पाच शब्दांची शिडी हे चाचांचं खास क्षेत्र, कारण त्यातले बहुतेक शब्द उर्दूत जसेच्या तसे आहेत आणि उर्दूत त्यांची चाल वेगळी आहे. वरून खाली ती अशी येते : मुमताज, जय्यिद जिद्दन, जय्यिद, मक्बूल, दईफ. दईफ म्हणजे आपला जईफ, म्हणजे अशक्त, विषयात कच्चा. मक्बूल हा उर्दूत मानाचा शब्द आहे, लोकांनी स्वीकारलेला, नावाजलेला. इंग्रजीच्या ओळीत मुलीला ‘मक्बूल’ होतं आणि चाचांनी अभिमानानं ‘वाखाणण्याजोगी’ लिहिलं होतं. गुणपत्रकात मक्बूल म्हणजे चालवून घेतलं. नापासाच्या वरची शेवटची पायरी. मराठी शिक्षकांच्या शब्दकोशात याच स्वराचा एक शब्द आहे, ‘साधारण’. वरच्या टोकाला ‘मुमताज’ला ‘विशेष प्रावीण्य’ लिहावंसं वाटतं, पण आपल्याकडे दहावीला ७५ टक्क्यांवर मिळतं त्याचं नाव ते, म्हणून ‘उत्कृष्ट’. मधल्या दोघांना ‘उत्तम’, ‘चांगले’ असं उतरत्या क्रमानं बसवायचं. प्रत्येक शब्दाचा सुटा अर्थ पाहिला तर जय्यिद म्हणजे चांगलं, पण पाचांत तो तिसरा आहे हे विसरता कामा नये. कुठल्या गुणांपासून कुठला शब्द सुरू होतो हे देशागणिक बदलतं. कुठे मुमताज ९० पासून, कुठे ८५ पासून. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत ते छापलेलं असेल तर त्याचंही भाषांतर करावं.

या शिडीच्या बाहेरचा एक शब्द इथेच सांगून टाकते, कारण त्यानं मला एकदा घाम फोडला होता. पुण्यात शिकायला आलेल्या एका इराकी कुटुंबाच्या मुलाच्या निकालपत्रावर निकाल म्हणून एकच शब्द होता, ‘मुक्मिल’. हिंदी सिनेमा पाहणाऱ्या कुणालाही तिथे ‘मुकम्मल’ ऐकू येईल, म्हणजे पूर्ण, परिपूर्ण. इराकी शाळेत निकाल तीन प्रकारचे असतात. नाजिह म्हणजे उत्तीर्ण, रासिब म्हणजे अनुत्तीर्ण आणि मुक्मिल म्हणजे काही विषयांत राहिलेला, ज्याला दुसऱ्या फेरीत ती परीक्षा पुन्हा देऊन वर्ष पुरं करायचं आहे. पूर्ण नव्हे, पूर्ण करायचा बाकी. इराकचीच आणखी एक गोष्ट. तिथे ‘इदादी’ म्हणजे दहावी ते बारावी, आणि इजिप्तमध्ये त्याच शब्दाचा अर्थ सातवी ते नववी. सौदीत सातवीला ‘पहिली मधली’ म्हणतात. म्हणून इयत्ता लिहिताना शब्द सोडून आकडाच द्यावा आणि तो देश पाहून द्यावा.

मुलीच्या कागदावर इयत्तेचा प्रश्न नव्हता, ‘चौथी प्राथमिक’ स्पष्ट होतं. तारखेचा होता. दिनांक ३०/४/१४४४. लिपिकांनी एप्रिल वाचला असता आणि वर्षापाशी थबकले असते. हे हिजरी वर्ष. १४४४ सुरू झालं ३० जुलै २०२२ ला, आणि त्याच्या चौथ्या महिन्याची, म्हणजे रबीउल आखिरची, ३० तारीख येते २४ नोव्हेंबर २०२२ ला. कागदावर ‘अल-फस्ल अल-अव्वल’ होतं. चाचांना फसल आठवली आणि त्यांनी ‘पहिला हंगाम’ केला. सत्र म्हणायचं हे सहज कळतं, पण नुसतं ‘प्रथम सत्र’ लिहिलं की मराठी शाळेत दिवाळीपर्यंतचं अर्धं वर्ष समजतात. सौदीनं हिजरी १४४३ पासून काही वर्षं शाळेचं वर्ष तीन सत्रांत वाटलं होतं. ‘प्रथम सत्र (तीनपैकी)’ असं लिहिल्यावर बाईंच्या लक्षात आलं की हा वर्षाचा निकाल नाही, आणि त्यांनी उरलेल्या दोन सत्रांचे कागद मागवले. ते घरात पडलेलेच होते.

जन्मतारीखही हिजरीत होती, १२/७/१४३४, म्हणजे २२ मे २०१३. हिजरी वर्ष आपल्यापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. त्या हिशेबानं गुणपत्रकाच्या दिवशी मुलगी पावणेदहा वर्षांची होती आणि आपल्या हिशेबानं साडेनऊची. शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायचं असतं, तिथे हे तीन महिने नडू शकतात. शिवाय चंद्रदर्शनाच्या फरकानं रूपांतरात एखादा दिवस पुढेमागे होतो. म्हणून मी मूळ हिजरी तारीख लिहिते, समोर रूपांतर देते आणि ते पासपोर्टवरच्या तारखेशी जुळतं का हे पाहिल्याशिवाय सही करत नाही. नावाचंही तेच. अरबीत प नाही, च नाही, ट नाही. आडनाव समजा परकार असेल तर कागदावर ते ‘बारकार’ होतं. पासपोर्टप्रमाणे परकार लिहायचं आणि मूळ कागदावर कसं आहे ते तळटीपेत सांगायचं.

उरली शेवटची, हातानं लिहिलेली ओळ. वर्गशिक्षिकेचा शेरा. घाईत लिहिलेला, ठिपके अर्धे गायब. त्यात तीन तुकडे होते आणि तिघांशी वेगळं वागावं लागलं.

पहिला तुकडा ‘तालिबा मुहज्जबा’. शब्दशः सुसंस्कृत विद्यार्थिनी. नऊ वर्षांच्या मुलीला मराठी बाई असं कधीच म्हणणार नाहीत. त्या म्हणतील ‘नम्र व शिस्तप्रिय’. तसंच लिहिलं. शेवटचा तुकडा ‘नतमन्ना लहा अत-तौफीक’. आम्ही तिच्यासाठी तौफीक इच्छितो, म्हणजे ईश्वरकृपेनं लाभणारं यश. अरबी शाळांत हे वाक्य हजारो कागदांवर उमटत असतं, आपलं ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ उमटतं तसंच. शिक्का शिक्क्याला दिला. यावर माझ्या एका मित्राचा आक्षेप होता की ईश्वर गळाला. मला तो पटला नाही. ‘बारकल्लाह’ असं थेट लिहिलं असतं तर मी अल्लाहचं नाव ठेवलंच असतं, पण तौफीकमध्ये तो जेवढा आहे तेवढा ‘शुभेच्छा’तल्या शुभातही आहे.

मधला तुकडा मात्र कामाचा होता : ‘तहताजु इला मुताबआ फिल-किराआ’. तिला वाचनात मुताबआची गरज आहे. मुताबआ म्हणजे मागोमाग जाणं, मागे लागून पाहत राहणं. कोशात याला ‘पाठपुरावा’ सापडतो आणि मी तो लगेच खोडला, कारण मराठीत पाठपुरावा करतात तो फायलींचा, थकलेल्या बिलांचा. शिक्षिका हे आईबापांना सांगत होती, रोज बसवून वाचून घ्या. आपल्या प्रगतीपत्रकात तीन वर्णनात्मक नोंदी असतात. विशेष प्रगती, आवड व छंद, आणि सुधारणा आवश्यक. हा शेरा तिसऱ्या नोंदीत नेमका बसतो : ‘वाचनाचा घरी नियमित सराव घ्यावा.’

हे वाचून पाचवीच्या बाईंनी फोन केला. त्यांना एवढंच विचारायचं होतं : “वाचन कुठल्या भाषेचं? अरबी, इंग्रजी, की कुरआनचं? कारण मराठीला तर मी तिला अ आ इ पासूनच बसवणार आहे.”

मी मूळ कागद पुन्हा काढला. किराआ हा शब्द तिन्हींना चालतो. पण शेऱ्याखाली सही होती आणि सहीखाली, शिक्क्यात अर्धवट बुडालेला, एक शब्द मी भाषांतरात घेतलाच नव्हता. मला तो नावाचाच भाग वाटला होता. तो होता ‘लुगती’. ती वर्गशिक्षिका अरबीची होती.

मी बाईंना सांगितलं, अरबीचं. आणि सुधारलेली प्रत पाठवली, त्यात सहीखाली एक ओळ वाढवून : ‘वर्गशिक्षिका, अरबी भाषा’.